सुरुवातीचा भाग न तापवलेली सपाट प्लेट, समान हीट फ्लक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हीट ट्रान्सफर शिकवतो. दरवर्षी याच प्रॅक्टिकलला मुलं अडतात, आणि नांदेड-लातूरकडची मुलंही फोनवर हेच प्रश्न विचारतात. म्हणून एकच उदाहरण धरून सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. हे उदाहरण वसमतच्या एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमधून आलं. त्याच्या घरी हळद शिजवून वाळवतात. ट्रेवर जाणारी हवा तापवण्यासाठी त्याला एक सपाट हीटर करायचा होता, आणि हीटरचा सगळ्यात गरम भाग किती तापेल हे आधीच काढायचं होतं.

उदाहरणातली मांडणी नेमकी कशी आहे?

प्लेट ०.५ मीटर लांब आणि ०.३ मीटर रुंद आहे. हवा ज्या काठावर येते तिथून पहिले ०.२ मीटर नुसती बेकलाइटची गुळगुळीत पट्टी आहे, ती तापवलेली नाही. हा आमचा कोरा भाग. सूत्रांमध्ये त्याची लांबी ξ. पुढच्या ०.३ मीटरवर स्टेनलेस स्टीलची ०.०५ मिलिमीटर जाडीची फॉइल चिकटवली आहे. तिच्यातून करंट सोडला की सगळीकडे सारखी उष्णता निर्माण होते. हवेकडे जाणारा फ्लक्स दर चौरस मीटरला ३०० वॅट धरू. हवेचा वेग सेकंदाला ४ मीटर. हवेचं तापमान ४० अंश, कारण आमच्याकडे मे महिन्यात लॅबमध्ये याहून थंड हवा मिळत नाही.

विचारलं आहे ते असं: फॉइलवर निरनिराळ्या ठिकाणी लोकल कोइफिशंट h किती आणि पृष्ठभागाचं तापमान किती.

सर, x कुठून मोजायचा? फॉइलच्या सुरुवातीपासून की प्लेटच्या काठापासून?

नेहमी प्लेटच्या काठापासून. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्लेटवर दोन थर वाढतात. एक वेगाचा, म्हणजे जिथे हवा पृष्ठभागाला घासून मंदावलेली असते तो. दुसरा तापमानाचा, म्हणजे जिथे हवा तापलेली असते तो. वेगाचा थर काठापासूनच सुरू होतो, प्लेट तापलेली असो वा नसो. तापमानाचा थर फॉइल सुरू होते तिथे जन्मतो. आपल्या उदाहरणात ०.२ मीटरवर पोहोचेपर्यंत वेगाचा थर जवळजवळ ५ मिलिमीटर जाड झालेला असतो. नवा तापमानाचा थर या मंद हवेच्या तळाशी सुरू होतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या वरवर एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. काठापासून २५ सेंटिमीटरवर उभे राहा. पूर्ण प्लेट काठापासूनच तापवली असती तर तिथे h सुमारे १०.६ असता (एकक सगळीकडे वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश). कोरा भाग ठेवला तर तो १८ ते २० च्या आसपास जातो, कारण तापमानाचा थर अजून पातळ आहे. म्हणजे कोऱ्या भागामुळे h वाढला. पण हीच जागा फॉइलच्या सुरुवातीपासून ५ सेंटिमीटरवर आहे. कोरा भागच काढून टाकला आणि ताजी हवा थेट फॉइलच्या काठावर आली, तर ५ सेंटिमीटरवर h २३.६ मिळतो. म्हणजे कोऱ्या भागामुळे h कमी झाला! दोन्ही विधानं खरी आहेत, फक्त तुलना वेगवेगळ्या प्लेटशी आहे. तोंडी परीक्षेत "h वाढतो की कमी होतो" असं विचारलं, तर आधी "कशाच्या तुलनेत" हे स्पष्ट करून घ्या.

जो विद्यार्थी x फॉइलपासून मोजतो त्याला शेवटच्या टोकाला, म्हणजे फॉइलवर ३० सेंटिमीटर गेल्यावर, h ९.६ मिळतो. बरोबर रीतीने काढलेलं उत्तर ९ च्या आसपास आहे. आकडे जवळ आले म्हणून त्याला वाटतं की पद्धत बरोबर आहे. तो निव्वळ योगायोग आहे. सुरुवातीच्या थर्मोकपलवर त्याची चूक उघडी पडते.

समान तापमान आणि समान फ्लक्स यांची सूत्रं वेगळी का?

समान फ्लक्समध्ये भिंत पुढे पुढे जास्त तापत जाते. त्यामुळे कुठल्याही ठिकाणी काठाकडून आलेली हवा ही भिंतीच्या आत्ताच्या तापमानाच्या मानाने कमी तापलेली असते. म्हणून लॅमिनार प्रवाहात h समान तापमानापेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त येतो: ०.३३२ च्या जागी ०.४५३. टर्ब्युलंटमध्ये हा फरक ४ टक्क्यांच्या आसपासच राहतो, ०.०२९६ च्या जागी ०.०३०८.

परीक्षेत कोणतं सूत्र लिहायचं?

लॅमिनार, समान फ्लक्स, कोरा भाग ξ:

```
Nu_x = 0.453 Re_x^(1/2) Pr^(1/3) / [1 - (ξ/x)^(3/4)]^(1/3)
h = Nu_x k / x
T_w = T_inf + q / h
```

पाठ्यपुस्तकात हेच हातचं सूत्र असतं. यात रेनॉल्ड्स नंबर काठापासूनच्या x वर काढायचा. उत्तर तपासायला दोन टोकं बघा: ξ शून्य केला की छेद १ होतो आणि साधं सूत्र परत मिळतं, x हा ξ च्या अगदी जवळ नेला की h प्रचंड मोठा होतो आणि भिंतीचं तापमान हवेइतकं होतं.

हवेचे गुणधर्म कोणत्या तापमानाला घ्यायचे? भिंतीचं तापमान तर माहीतच नाही.

अंदाज धरा, काढा, पुन्हा तपासा. मी फिल्म तापमान ५७ अंश, म्हणजे ३३० केल्व्हिन धरलं. त्या तापमानाला ν = 18.9e-6, k = 0.0285, Pr = 0.703.

मुलांना हा फेरा फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात लॅमिनार प्रवाहात h हा k भागिले ν चं वर्गमूळ या प्रमाणात बदलतो, आणि तापमान वाढलं की दोन्ही जवळजवळ सारखेच वाढतात. गुणधर्म ४० अंशांना घेतले तरी h अर्ध्या टक्क्यानेही हलत नाही. एक फेरा पुरे.

आता आकडे घालून दाखवा.

प्लेटच्या शेवटच्या टोकाला, x = ०.५ मीटर. रेनॉल्ड्स नंबर सुमारे १ लाख ६ हजार येतो. ५ लाखांच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा तो बराच कमी आहे, म्हणून लॅमिनार धरू.

```
Re_x = 4 × 0.5 / 18.9e-6 = 105 820
Nu (ξ = 0) = 0.453 × 325.3 × 0.889 = 131
h (ξ = 0) = 131 × 0.0285 / 0.5 = 7.47
(0.2/0.5)^0.75 = 0.503
[1 - 0.503]^(1/3) = 0.792
h = 7.47 / 0.792 = 9.43
T_w = 40 + 300/9.43 = 71.8
```

म्हणजे ७१.८ अंश. फिल्म तापमान ५६ अंश निघालं, आपण ५७ धरलं होतं. ठीक.

इथे कोरा भाग विसरून नुसता ७.४७ घेतला असता तर ८० अंश मिळाले असते. छेद घातला पण ०.४५३ ऐवजी ०.३३२ घेतला असता, तर ८३ अंश. दोन्ही चुका दरवर्षी वह्यांमध्ये सापडतात.

हे सूत्र अगदी बरोबर आहे का? वर्गातल्या एका मुलीने हे विचारलं होतं.

नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मला तिचा अभिमान वाटला. मला या विषयात सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथेच आहे.

छेदातला तो घटक मुळात समान तापमानाच्या प्लेटसाठी निघालेला आहे. भिंत ξ पर्यंत हवेच्या तापमानाला आणि तिथून पुढे एकदम एका ठरावीक तापमानाला, अशा एका पायरीसाठी तो बसतो. समान फ्लक्समध्ये भिंतीचं तापमान एका पायरीत चढत नाही, ते हळूहळू चढत जातं. तोच घटक ०.४५३ च्या खाली ठेवणं ही सोय आहे.

नीट करायचं तर लहान लहान पट्ट्यांचा परिणाम बेरजेने काढावा लागतो. ऊर्जेचं समीकरण तापमानाच्या बाबतीत रेषीय आहे, म्हणून बेरीज चालते. s या जागी असलेली फॉइलची अरुंद पट्टी पुढे x ला किती तापमान वाढवते हे माहीत असलं, की ξ पासून x पर्यंत सगळ्या पट्ट्यांची बेरीज करायची:

```
T_w - T_inf = 0.623 / (k Pr^(1/3) Re_x^(1/2)) × ∫ q [1 - (s/x)^(3/4)]^(-2/3) ds
(s: ξ → x)
```

ही बेरीज करताना एक अडचण येते. s जेव्हा x जवळ पोहोचतो तेव्हा कंसातलं पद शून्याकडे आणि त्याचा ऋण घात अनंताकडे जातो, आणि कॉम्प्युटरवर साधी बेरीज केली की उत्तर पायरीच्या आकारावर अवलंबून डोलत राहतं. मुलं म्हणतात, "सर, प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतंय." त्यावर उपाय म्हणजे चल बदलणे. कंसातल्या पदाचं घनमूळ t धरलं की तो अनंत नाहीसा होतो:

```
T_w - T_inf = 4 × 0.623 q x / (k Pr^(1/3) Re_x^(1/2)) × ∫ (1 - t^3)^(1/3) dt
(t: 0 → [1 - (ξ/x)^(3/4)]^(1/3))
```

आता आतलं फलन इतकं शांत आहे की कागदावर सिम्पसनच्या नियमाने तीन बिंदू घेतले तरी भागतं. शेवटच्या टोकाला t ची वरची मर्यादा ०.७९२. तिथे, मध्यावर आणि शून्यावर फलनाची किंमत ०.७९५, ०.९७९ आणि १. सिम्पसनने उत्तर ०.७५४ येतं, बारीक पायऱ्या घेतल्या तर ०.७५५.

मग दोन्ही पद्धतींत फरक किती पडतो?

शेवटच्या टोकाला नीट काढलेलं तापमान ७४.३ अंश आहे, हातच्या सूत्राचं ७१.८. म्हणजे अडीच अंश. फॉइलवर इतर ठिकाणी असं दिसतं:

| काठापासून अंतर (मी) | हातचं सूत्र, h | हातचं सूत्र, तापमान | बेरजेने, h | बेरजेने, तापमान |
|---|---|---|---|---|
| ०.२१ | ३४.९ | ४८.६ | ३१.० | ४९.७ |
| ०.२५ | १९.७ | ५५.२ | १७.७ | ५७.० |
| ०.३० | १५.१ | ५९.९ | १३.७ | ६२.० |
| ०.४० | ११.३ | ६६.६ | १०.४ | ६८.९ |
| ०.५० | ९.४ | ७१.८ | ८.८ | ७४.३ |

हातचं सूत्र प्रत्येक ठिकाणी h जास्त दाखवतं. तापमानवाढीतला फरक फॉइलच्या सुरुवातीला सुमारे १३ टक्के असतो आणि पुढे कमी होत जातो, कारण x वाढला की कोऱ्या भागाचं महत्त्व घटतं. ξ शून्य असेल तर दोन्ही एकच उत्तर देतात.

हातचं सूत्र भिंतीचं तापमान कमी दाखवतं ही गोष्ट विशेष लक्षात ठेवा. हीटर जळेल का हे ठरवायचं असेल, तर ही चूक धोक्याच्या बाजूला जाते. परीक्षेत हातचं सूत्र लिहा. हीटर करताना बेरीज करा.

बेरजेचा प्रोग्राम द्याल का?

```python
from math import sqrt
U, nu, k, Pr = 4.0, 18.9e-6, 0.0285, 0.703
q, Tinf, xi = 300.0, 40.0, 0.20

def wall(x, n=200):
    T = (1 - (xi/x)**0.75)**(1/3)
    s = sum((1 - ((i+0.5)*T/n)**3)**(1/3) for i in range(n)) * T/n
    dT = 4*0.623*q*x*s / (k*Pr**(1/3)*sqrt(U*x/nu))
    return Tinf + dT, q/dT

for x in (0.21, 0.25, 0.30, 0.40, 0.50):
    Tw, h = wall(x)
    print(x, round(Tw, 1), round(h, 1))
```

xi = 0 टाकून बघा; h साध्या ०.४५३ च्या सूत्राशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर टाइप करताना काहीतरी चुकलं आहे.

प्रवाह टर्ब्युलंट झाला आहे हे कसं ओळखायचं?

थर्मोकपलच्या ओळीवरून लगेच कळतं. लॅमिनार असेल तर ०.२५ ते ०.५ मीटरमध्ये तापमान १७ अंशांनी चढतं. टर्ब्युलंट असेल तर याच मांडणीत ०.२५ ला ५३ आणि ०.५ ला ५७ अंश, म्हणजे जेमतेम ४ अंशांची चढण. सूत्र असं:

```
Nu_x = 0.0308 Re_x^(4/5) Pr^(1/3) / [1 - (ξ/x)^(9/10)]^(1/9)
```

छेदाचा घात एक-नवमांश आहे. त्यामुळे टर्ब्युलंटमध्ये कोऱ्या भागाचा परिणाम फॉइल सुरू झाल्यावर लवकरच मावळतो.

रेनॉल्ड्स नंबर १ लाखच असताना टर्ब्युलंट का व्हावा? आमच्याकडे एका वर्षी तसं झालं होतं. बेकलाइट आणि फॉइल यांच्या जोडावर सेलोटेपची कडा वर आली होती. शिवाय प्लेटचा पुढचा काठ चौकोनी होता आणि ब्लोअरची हवा जाळीतून न जाता थेट येत होती. काठ पाचरीसारखा घासला, टेप काढून जोड समतल केला, ब्लोअरपुढे दोन जाळ्या लावल्या, आणि तापमानाची चढण परत मिळाली. जोड बोटाने चाचपून बघा. नखाला अडला तर हवेलाही अडणार.

ॲल्युमिनियमच्या प्लेटखाली हीटर लावला तर चालेल का? तो बाजारात सहज मिळतो.

समान फ्लक्सच्या प्रयोगासाठी नाही. ३ मिलिमीटर ॲल्युमिनियममधून उष्णता आडवी इतकी सहज वाहते की गरम टोकाकडची उष्णता थंड टोकाकडे सरकते आणि प्लेट जवळपास एकाच तापमानाची होते. हे मोजायला एक लांबी काढता येते: धातूची वाहकता गुणिले जाडी, भागिले h, आणि त्याचं वर्गमूळ. ॲल्युमिनियमसाठी ती सुमारे २४ सेंटिमीटर येते, म्हणजे जवळजवळ आपल्या तापवलेल्या भागाइतकी. स्टीलच्या फॉइलसाठी तीच लांबी ९ मिलिमीटर येते. म्हणून फॉइलवर समान फ्लक्स खरा राहतो. तरी फॉइलच्या सुरुवातीच्या सेंटिमीटरभरातल्या मोजमापावर मी विसंबत नाही. तक्त्यातली ०.२१ ची ओळ हिशेबापुरती आहे. तिथे थर्मोकपल लावू नका.

ॲल्युमिनियमच लावायचं असेल तर समान तापमानाचं सूत्र वापरा, ०.३३२ वालं. तिथे छेद आपल्या हक्काच्या जागी आहे.

फॉइलला करंट किती लागतो?

क्षेत्रफळ ०.०९ चौरस मीटर, म्हणून एकूण २७ वॅट. पण फॉइलचा रोध इतका कमी आहे की ०.६ व्होल्टला सुमारे ४३ अँपिअर लागतात. तांब्याच्या पट्ट्या फॉइलच्या दोन्ही बाजूंना, प्रवाहाला समांतर लावा, म्हणजे करंट आडवा वाहील आणि हवेच्या वाटेत काही येणार नाही. व्होल्टेज मात्र पट्ट्यांवर मोजू नका. फॉइलवरच दोन बारीक तारा लावून मोजा. पट्टीच्या जोडावर पडणारा व्होल्टेज तुमच्या हिशेबात शिरला तर फ्लक्स खोटा मोठा निघतो.

मोजलेलं तापमान हिशेबापेक्षा कमी येतं. काय चुकलं?

बहुतेक वेळा सूत्र चुकलेलं नसतं. सगळी उष्णता हवेकडे जाते असं धरणं चुकलेलं असतं.

पहिला चोर म्हणजे प्रारण. इन्फ्रारेड कॅमेऱ्यासाठी मुलं फॉइलला काळा रंग देतात. काळ्या रंगाची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास. भिंत ७२ अंश आणि भोवतालच्या भिंती ४० अंश असतील तर प्रारणाने दर चौरस मीटरला सुमारे २३० वॅट जातात. तुम्ही दिले ३०० आणि इतके निसटू शकतात! मग h चं उत्तर जुळणार कसं? चकचकीत स्टीलची उत्सर्जकता ०.१५ धरली तर हाच आकडा ४० वॅटच्या आत राहतो. म्हणून आम्ही फॉइल रंगवत नाही. तिच्या पाठीमागे थर्मोकपल चिकटवतो.

दुसरी वाट पाठीमागून. प्लायवूड आणि ५ सेंटिमीटर थर्मोकोल लावूनही शेवटच्या टोकाला दर चौरस मीटरला सुमारे २० वॅट खाली जातात.

म्हणून प्रत्येक थर्मोकपलच्या जागी, तिथल्याच मोजलेल्या तापमानावरून प्रारण आणि पाठीमागची उष्णता काढा, विजेच्या फ्लक्समधून वजा करा, आणि जे उरेल त्याला तापमानवाढीने भागून h काढा. सगळ्या प्लेटसाठी एकच सरासरी वजा करू नका, कारण गरम टोकाला गळती जास्त असते आणि तीच जागा आपल्याला हवी असते. अशी स्थानिक वजाबाकी केली की फ्लक्स अगदी समान राहत नाही हेही दिसेल. बेरजेच्या पद्धतीत q हा s प्रमाणे बदलता ठेवता येतो, ही तिची दुसरी सोय.

हवेचा वेग कमी केला तर काय होतं?

४ मीटर वेगाला प्लेटवरून आपोआप वर उठणाऱ्या गरम हवेचा प्रभाव नगण्य आहे. ग्रॅशॉफ नंबर भागिले रेनॉल्ड्सचा वर्ग हे गुणोत्तर ०.०३ येतं. वेग १ मीटरवर आणला की ते अर्ध्याच्या वर जातं, आणि मग ही सूत्रं लागू पडत नाहीत. वेग कमी करायचाच असेल तर फ्लक्सही कमी करा.

सरासरी h काढून त्यावरून तापमान काढलं तर?

प्लेटचं सरासरी तापमान हवं असेल तर तापमानवाढीचीच सरासरी घ्या. हीटर टिकेल का हे शेवटच्या टोकाच्या तापमानावर ठरतं, सरासरीवर नाही.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून उंच आहे. फरक पडतो का?

पडतो, थोडा. शहर साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे साडेसहा टक्के कमी असतो. पुस्तकातला ν एका वातावरण दाबाचा असतो. इथे तो सुमारे ७ टक्के वाढवून घ्यायला हवा. लॅमिनारमध्ये h त्यामुळे ३ टक्क्यांपेक्षा थोडा जास्त घटतो आणि शेवटचं टोक ७४.३ ऐवजी ७५.४ अंशांवर जातं. k आणि Pr मध्ये बदल करू नका, त्यांच्यावर दाबाचा परिणाम जवळजवळ होत नाही. नांदेड आमच्यापेक्षा खाली आहे, तिथे ही दुरुस्ती आणखी लहान.

पत्र्याच्या शेडवर हे लावता येईल का? वाऱ्याच्या बाजूला लिंबाची सावली आहे, पुढे ऊन.

कल्पना सुंदर आहे: सावलीतला पत्रा म्हणजे कोरा भाग आणि ऊन म्हणजे समान फ्लक्स. पण पत्रा नालीदार असतो, खिळ्यांची डोकी वर असतात, वारा झोताने येतो, त्यामुळे लॅमिनारचं सूत्र विसरा. शिवाय तापलेला पत्रा आकाशाकडे बरीच उष्णता प्रारणाने टाकतो. टर्ब्युलंटच्या सूत्राने ढोबळ अंदाज निघेल, तोही सावलीपासून दोन-तीन मीटर पुढे, आणि प्रारण आधी वजा केल्यावर.

वसमतच्या त्या हीटरचं पुढे काय झालं?

त्याने टेप वापरली नाही, जोड घासून समतल केला आणि फॉइल न रंगवता ठेवली. फ्लक्स ठरवताना त्याने हातच्या सूत्राचं तापमान न घेता बेरजेचं घेतलं आणि त्यात उंचीचा एक अंश मिळवला. फॉइलखालचा गोंद ८० अंशांपर्यंतचा होता. हातच्या सूत्राच्या भरवशावर त्याने फ्लक्स ३५० केला असता तर कागदावर ७७ अंश दिसले असते आणि बेरजेने ते ८० निघाले असते, म्हणजे गोंदाच्या मर्यादेवर. म्हणून तो ३०० वरच थांबला.